काजूच्या ६० नोंदी आणि अर्ध्या किलोने सरकलेला मध्य

वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला असताना मी प्रकल्पासाठी सत्तरी तालुक्यातील एका काजू खरेदी केंद्रावर बसून, एका दिवसात ६० बागायतदारांनी आणलेल्या बियांचे वजन केंद्राच्या वहीतून उतरवून घेतले होते. वजने १० ते ६९ किलोंच्या दरम्यान होती, म्हणून मी १०–१९, २०–२९ असे ६०–६९ पर्यंत सहा वर्ग केले आणि त्यांच्या वारंवारता अनुक्रमे ६, ११, १८, १४, ८ आणि ३ आल्या. त्यावरून मी मध्य ३७.६७, मध्यक ३७.२८ आणि प्रमाण विचलन १३.१५ किलो असे काढले. तिन्ही आकडे दिसायला सुसंगत होते, मध्य आणि मध्यक एकमेकांच्या जवळ होते, त्यामुळे मला शंका आली नाही.

मार्गदर्शक बाईंनी वही तपासून परत दिली आणि म्हणाल्या, "प्रमाण विचलन बरोबर आहे. बाकीची दोन्ही उत्तरे चुकली आहेत आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत. पुन्हा सगळे करत बसू नकोस, कुठे चुकले ते शोध."

मला प्रथम हेच कळेना, की मध्य चुकलेला असताना त्याच्यावरच आधारलेले प्रमाण विचलन बरोबर कसे येईल. विचार केल्यावर लक्षात आले की चूक कुठे आहे त्याचा पत्ता याच विसंगतीत आहे. प्रमाण विचलन हे वर्गमध्य मध्यापासून किती दूर आहेत यावर ठरते. सगळे वर्गमध्य सारख्याच अंतराने सरकले तर मध्यही तेवढाच सरकतो, अंतरे तशीच राहतात आणि प्रमाण विचलनाला धक्का लागत नाही. म्हणजे माझा एखादाच वर्गमध्य चुकलेला नव्हता. चुकले असतील तर सगळेच, आणि सारखेच.

मी वर्गमध्याचा रकाना उघडला. त्यात १५, २५, ३५ असे ६५ पर्यंत आकडे होते. पहिल्या वर्गाचा मध्य काढताना मी १० आणि १९ न घेता १० आणि २० यांची सरासरी घेतली होती आणि पुढे प्रत्येक वेळी १० मिळवत गेले होते. खरे वर्गमध्य १४.५, २४.५, ३४.५ असे हवे होते. दोन वर्गमध्यांतील फरक वर्गांतराइतका, म्हणजे १० आहे की नाही, हे मी आधी पाहिले होते. पण सगळा रकाना एकत्र सरकला असेल तर ही तपासणी काहीच सांगत नाही. मध्यापासूनच्या विचलनांची बेरीज शून्य येते का, हेही मी पाहिले होते, आणि तीही चुकीच्या वर्गमध्यांवर तितकीच व्यवस्थित शून्य येते. उपयोगी पडते ती एकच साधी गोष्ट: प्रत्येक ओळीत त्या वर्गाच्या दोन्ही मर्यादांची बेरीज करून निम्मे करणे, वरच्या ओळीत १० मिळवून खाली न उतरणे.

३४.५ हा गृहीत मध्य धरून मी पुन्हा मांडणी केली. वर्गांतराने भागलेली विचलने −२, −१, ०, १, २, ३ अशी येतात. वारंवारतेने गुणून त्यांची बेरीज १६ आणि विचलनांच्या वर्गांची बेरीज १०८ होते. मध्य ३४.५ + (१६ ÷ ६०) × १० = ३७.१७ आला आणि प्रमाण विचलन पूर्वीसारखेच १३.१५ राहिले. खात्रीसाठी वहीतील ६० मूळ आकड्यांची बेरीज केली, ती २,२२६ किलो भरली, म्हणजे सरासरी ३७.१०. वर्गीकृत मध्य मूळ सरासरीशी तंतोतंत जुळत नाही, कारण वर्गातील सर्व नोंदी वर्गमध्यावर आहेत असे आपण मानतो, पण ०.०७ चा फरक त्या गृहीतकातून येऊ शकतो, तर ०.५७ चा फरक एवढ्या नोंदींत मला विचार करायला लावणारा होता.

माझ्या मैत्रिणीची चूक याच्या उलट जातीची होती. तिने याच सारणीत ५०–५९ चा वर्गमध्य ५४.५ ऐवजी ५९.५ लिहिला होता. तिचा मध्य ३७.८३ आला आणि प्रमाण विचलनही १४.१० वर गेले. शेजारच्या वर्गमध्यांतील फरक १०, १०, १०, १५, ५ असे पडले, त्यामुळे तिची चूक एका मिनिटात सापडली.

मध्यकाने मात्र मला दोन संध्याकाळी थांबवले. वर्ग सलग करून ३०–३९ ची खालची मर्यादा २९.५ घ्यायची, हे मला शाळेपासून अंगवळणी पडलेले असल्याने तिथे चूक नव्हती. संचित वारंवारता ६, १६, ३५, ४९, ५७, ६० अशी लिहिली होती आणि शेवटचा आकडा ६० होता, म्हणून मी तो रकाना बरोबर मानून पुढे जात होते. मध्यक मध्यकवर्गाच्या बाहेर पडला असता तर लगेच संशय आला असता. उदाहरणार्थ, १६ च्या जागी शेजारच्या रकान्यातील ११ लिहिले असते तर उत्तर ४०.०६ आले असते आणि ते ३९.५ च्या वर असल्याने उघड चूक दिसली असती. पण ३७.२८ वर्गाच्या आतच बसत होते.

शेवटी मी खालून वर 'पेक्षा जास्त' संचित वारंवारता काढली: ३, ११, २५, ४३, ५४, ६०. कोणत्याही ओळीची 'पेक्षा कमी' संचित वारंवारता आणि तिच्या पुढच्या ओळीची 'पेक्षा जास्त' संचित वारंवारता यांची बेरीज एकूण नोंदींइतकी यायला हवी. तिसऱ्या ओळीत ३५ + २५ = ६० बरोबर जमले. दुसऱ्या ओळीत १६ + ४३ = ५९ आले. कच्च्या कागदावर १७ च होते; पक्क्या सारणीत उतरवताना १६ झाले आणि पुढचे आकडे कच्च्या कागदावरूनच आल्यामुळे शेवट बरोबर राहिला. मध्यक २९.५ + ((३० − १७) ÷ १८) × १० = ३६.७२ किलो झाला. संचित वारंवारतेचा मध्याशी किंवा प्रमाण विचलनाशी संबंध नसल्याने ती दोन उत्तरे या चुकीबद्दल मला काही सांगू शकली नव्हती.

एक प्रश्न उरला होता. १४.५ योग्य ठरतो तो वजने जवळच्या पूर्ण किलोत लिहिली असतील तरच. म्हणून मी पुन्हा केंद्रावर जाऊन वही लिहिणाऱ्या काकांना विचारले की १९.७ किलो भरले तर काय लिहिता. ते म्हणाले, "बाय, पैसे ग्रॅमावर देतो, पण वहीत अर्ध्या किलोवर गेले तर पुढचा आकडा, म्हणजे वीस." त्यामुळे १०–१९ या वर्गाचा खरा आवाका ९.५ ते १९.५ होता. त्यांनी ग्रॅम सोडून नुसते १९ लिहिले असते, तर तोच वर्ग १० ते २० च्या आतला ठरला असता आणि माझा जुना १५ बरोबर झाला असता.

याच प्रकल्पात बागायतदारांच्या वयाचीही सारणी होती आणि ती मी त्या संध्याकाळी घाईने 'दुरुस्त' करायला घेतली होती. वय मात्र पूर्ण झालेल्या वर्षांत सांगितले जाते. २९ वर्षे ११ महिन्यांचा माणूस २९ च सांगतो. तिथे २०–२९ चा वर्गमध्य २५ आणि ३०–३९ ची खालची मर्यादा ३० हीच योग्य होती, म्हणून २४.५ खोडून पुन्हा २५ लिहिले आणि दोन्ही सारण्यांखाली नोंद कशी घेतली होती त्याची एक ओळ जोडून वही बाईंकडे दिली.