पोदेराचा ग्राफ आणि तो तिरका फोटो: माझा अनुभव

ग्राफचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्या लोकांना माझं हात जोडून सांगणं आहे, कागद टेबलावर सपाट ठेवा, फोन बरोब्बर वर धरा, मग काय ते क्लिक करा. भाचीच्या ट्युशनच्या सरांनी नववीच्या गतीच्या धड्याचा एक ग्राफ पाठवला, बहुतेक बाकाच्या कोपऱ्यावरून वाकून काढलेला, वर त्यांच्याच हाताची सावली, आणि खाली फक्त उत्तरं, रीत नाही. त्या एका फोटोपायी आमच्या डिचोलीतल्या घरातच नाही तर पालकांच्या अख्ख्या ग्रुपवर रात्री अकरापर्यंत दंगा चालला होता.

ग्राफ तसा गोड होता. पोदेर, म्हणजे आमचा गोव्यातला पाववाला, सकाळी सायकलवर पाव घेऊन बेकरीतून निघतो, एका वाड्यावर थांबतो, मग चढण चढून दुसऱ्या वाड्यावर जातो, तिथे थांबतो आणि उतारावरून थेट परत बेकरीत. आडव्या अक्षावर वेळ मिनिटांत, उभ्या अक्षावर बेकरीपासूनचं अंतर किलोमीटरमध्ये. दर 10 मिनिटांना एक जाड उभी रेघ, दर 1 कि.मी.ला एक जाड आडवी रेघ, आणि दोन जाड रेघांमध्ये पाच बारीक घरं. म्हणजे आडवं एक घर 2 मिनिटं, उभं एक घर 0.2 कि.मी. हे आधी कागदाच्या कोपऱ्यात लिहून घ्यायचं, मग बाकीचं. दोन्ही बाजूंना घर सारख्याच मापाचं असणार असं धरून चालणारी पोरं ग्रुपवर बरीच निघाली.

पहिला टप्पा काहीच त्रासाचा नव्हता. 0 ते 20 मिनिटं, 0 ते 3 कि.मी., दोन्ही टोकं जाड रेघांवर. 3 भागिले 20, गुणिले 60, म्हणजे ताशी 9 कि.मी. पाव भरलेली टोपली मागे असताना सायकलला बरा वेग आहे.

दुसरा टप्पा 20 ते 30 मिनिटं. इथे भाची म्हणाली, "मावशी, हा सपाट नाही गो, जरासा चढतोय." आणि खरंच फोटोत चढताना दिसत होता. तिने 3 वरून 3.1 धरून ताशी 0.6 कि.मी. काढलं पण होतं. म्हटलं अगो, पोदेर काय गोगलगाय आहे? तिला 3 कि.मी.ची छापील जाड रेघ बोटाने धरायला लावली. ती रेघसुद्धा तेवढीच चढत होती आणि आलेखाची रेघ तिच्यावरच पडलेली. म्हणजे सपाट. वेग शून्य. फोटोत सपाट काय ते स्क्रीनच्या कडेवरून नाही, त्याच ग्राफच्या छापील रेघेवरून ठरवायचं.

इथपर्यंत पाच मिनिटं. उरलेली रात्र पुढच्या दोन बिंदूंनी खाल्ली.

सरांच्या उत्तरात चढणीचा वेग 6 आणि परतीचा 14. भाचीला येत होते 5.14 आणि 15.75. ग्रुपवर अर्ध्यांचं 14, अर्ध्यांचं 15.75, एका काकांचं 15, आणि एक जण म्हणाला उत्तर चुकीचं छापलंय, सोडून द्या. सर ऑनलाइन दिसत होते, निळी टिक पण झाली, पण उत्तर नाही. मला याचाच जास्त राग आला. मुलं अडलीत कुठे हे बघायला दोन मिनिटं लागली असती.

आधी मी हे बघितलं की हा फरक नजरेच्या चुकीत बसतो का. बारीक घर 2 मिनिटांचं, वाचताना माणूस अर्धं घर इकडेतिकडे होणार, म्हणजे 1 मिनिट. परतीचं अंतर 4.2 कि.मी. आणि वेळ 18 मिनिटं धरली तर 14 येतात. 17 धरली तर 14.8, 19 धरली तर 13.3. म्हणजे नीट वाचणाऱ्याचं उत्तर 13.3 ते 14.8च्या मध्ये कुठेतरी पडायला हवं. 15.75 त्याच्या बाहेर. एवढ्या पोरांना एकदम तेच बाहेरचं उत्तर येतं म्हणजे नजर नाही, काहीतरी एकाच दिशेने सरकतंय.

मग भाचीला म्हटलं, तू बिंदू वाचलास कसा ते करून दाखव. तिने पट्टी घेतली, फोनच्या कडेला समांतर धरली, आणि परतीच्या सुरुवातीच्या बिंदूवरून सरळ खाली आणली. पट्टी पडली 54 वर. त्याच्या आधीचा बिंदू, चढण संपते तो, 44 वर. इथेच मेख होती. त्या फोटोत उभ्या रेघा उभ्या नव्हत्याच, वर जाताना उजवीकडे कललेल्या होत्या. बिंदू जितका वर तितका तो उजवीकडे गेलेला. 4.2 कि.मी.च्या उंचीवर बरोब्बर एक बारीक घर, म्हणजे 2 मिनिटं. आणि खाली अक्षावरचा बिंदू, परतीचा शेवट, 70 मिनिटांवर होता तो जागेवरच, कारण तिथे उंचीच शून्य.

आता परिणाम बघा. चढण 30 पासून सुरू होते. तो बिंदू दोन जाड रेघा जिथे मिळतात तिथेच असल्यामुळे सगळ्यांनी बरोबर वाचला. चढणीचा शेवट खरा 42 वर, पण वाचला 44. मग 1.2 कि.मी.ला 12च्या ऐवजी 14 मिनिटं, वेग 6च्या ऐवजी 5.14. परतीची सुरुवात खरी 52 वर, वाचली 54. मग 4.2 कि.मी.ला 18च्या ऐवजी 16 मिनिटं, वेग 14च्या ऐवजी 15.75. आणि गंमत म्हणजे मधला थांबा 42 ते 52 काय नि 44 ते 54 काय, दहाच मिनिटं. दोन्ही टोकं एकाच उंचीवर, दोन्ही सारखीच सरकली, त्यामुळे थांब्याची वेळ जुळली आणि कोणाला शंकाच आली नाही. उभ्या रेघा उजवीकडे कललेल्या असल्या की वर जाणारा टप्पा उगाच मंद दिसतो आणि खाली येणारा उगाच जलद. एकाच ग्राफवर चढाचं उत्तर कमी आणि उताराचं जास्त येतंय असं दिसलं की आधी फोटोवर संशय घ्या.

मी ड्राफ्टिंगच्या कामात आहे, साइटवरून प्लॅनचे असले तिरके फोटो रोज येतात, त्यामुळे याची सवय आहे. पट्टीने खाली उतरायचंच नाही. बिंदूच्या जवळची छापील जाड रेघ धरायची आणि तिच्यावरूनच घसरत खाली यायचं, ती कशीही कललेली असो. आमच्या बिंदूजवळ 50 ची जाड रेघ होती, ती खाली 50 वरच जाते, कुठे जाणार! मग तिच्यापासून बिंदू किती घरं पुढे ते मोजायचं. एक घर. झालं, 52.

पण अडचण अशी की व्हॉट्सॲपने फोटो दाबून बारीक रेघा जवळजवळ पुसल्या होत्या आणि त्याच जागी सरांच्या हाताची सावली. मोजणार काय? तेव्हा हे केलं: फोटो मोठा करून बिंदूच्याच उंचीवर 50 आणि 60 च्या जाड रेघांमधलं अंतर स्क्रीनवर पट्टीने मोजलं. 15 मि.मी. भरलं. बिंदू 50 च्या रेघेपासून 3 मि.मी. पुढे. पंधरातले तीन म्हणजे एक पंचमांश, 10 मिनिटांचा एक पंचमांश म्हणजे 2 मिनिटं. परत 52. हे मोजमाप त्याच उंचीवर घ्यायचं, खाली अक्षावर नाही, कारण तिरक्या फोटोत जवळची घरं मोठी आणि लांबची लहान दिसतात. एका ठिकाणचे मि.मी. दुसऱ्या ठिकाणी चालत नाहीत.

हे मी ग्रुपवर टाकल्यावर दहा मिनिटांत सगळ्यांचे 6 आणि 14 आले. सरांचा अंगठा आला. फक्त अंगठा.

हां, एका दादाने कोनमापक लावून रेघेचा कोन मोजला होता आणि त्याचा टॅन्जंट घेऊन वेग म्हणत होता. ते अगदीच वेड्यासारखं नाही. मूळ कागदावर 10 मिनिटांना 1 सें.मी. आणि 1 कि.मी.ला 1 सें.मी. असेल तर पहिल्या टप्प्याचा चढ 3 सें.मी.ला 2 सें.मी., म्हणजे 1.5. नुसता 1.5 हा वेग नव्हे, त्याला 10 मिनिटांत 1 कि.मी. म्हणजे ताशी 6 ने गुणायचं, तेव्हा 9 येतात. पण हे सपाट कागदावर. फोटोत कोनच बदललेला, तिथे कोनमापक ड्रॉवरमध्ये ठेवा.

फोन किंवा स्कॅन ॲपमध्ये चारी कोपरे ओढून फोटो सरळ करता येतो. तेव्हा कोपरे कागदाचे नका पकडू, ग्राफच्या छापील चौकटीचे पकडा. मात्र वहीच्या शिवणीकडे पान वाकलेलं असेल तर त्याने सुटत नाही, रेघा बाकदारच राहतात. तिथे परत जाड रेघ धरून उतरणं आलं.

परतीच्या वेगाला काही जणांनी उणे 14 लिहिलं. रेघ खाली येतेय कारण उभ्या अक्षावर बेकरीपासूनचं अंतर आहे आणि ते कमी होतंय. उणे चिन्ह दिशा सांगतं, नुसत्या स्पीडच्या संख्येला ते नको, विचारलं असेल स्पीड तर 14 लिहा. त्याच अक्षावर "एकूण कापलेलं अंतर" लिहिलं असतं तर रेघ कधी खाली आलीच नसती, म्हणून अक्षाचं नाव आधी वाचा. फोटोत नेमकं तेच कापलं जातं.

शेवटचा प्रश्न सरासरी स्पीडचा होता. 9, 6 आणि 14 ची बेरीज करून तीनने भागलं तर 9.67 येतात, ते नाही चालत. जाऊन येऊन 8.4 कि.मी., थांबे धरून 70 मिनिटं, म्हणजे ताशी 7.2. भाचीने हे मला न विचारता केलं. पुढच्या आठवड्याच्या ग्राफसाठी मी सरांना आधीच मेसेज टाकून ठेवलाय की फोटो पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, निदान बारीक रेघा तरी शाबूत येतील. निळी टिक झालीय.