‘सर, प्रश्नच चुकलाय’

ठाण्यात नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये मी बारावीला गणित शिकवतो. परवाच्या टेस्टमध्ये प्रश्न होता: सर्व वास्तव x साठी e^x ≥ 1 + x सिद्ध करा. बहुतेकांच्या पेपरात त्याच तीन ओळी: f(x) = e^x − 1 − x घेतलं, f′(x) = e^x − 1, फंक्शन वाढतं, f(0) = 0, म्हणून f(x) ≥ 0. झालं!

एका मुलीने मात्र पुढे लिहिलं होतं: ‘फंक्शन वाढतं असेल तर शून्याच्या डावीकडे f(x) < f(0) = 0. म्हणजे तिथे e^x < 1 + x. सर, प्रश्नच चुकलाय.’

तिचं उत्तर चूक, पण तर्क बाकीच्यांपेक्षा सरस. ‘वाढतं’ हे सगळ्यांनीच धरलं होतं. त्याचा डावीकडे काय अर्थ होतो ते फक्त तिनेच पाहिलं. मी तिला इतरांपेक्षा एक मार्क जास्त दिला. त्यावर बॅचमध्ये कुरबूर झालीच.

मग फळ्यावर x = −1 घेतलं. e^(−1) साधारण 0.368, आणि 1 + x शून्य. प्रश्न बरोबर आहे. आता f′(−1) काढा: 0.368 − 1, ऋण! शून्याच्या डावीकडे e^x एकापेक्षा लहान असतो, त्यामुळे तिथे फंक्शन उतरतं. उतरत उतरत ते x = 0 ला शून्यावर येतं, म्हणजे त्याआधी ते शून्याच्या वरच असणार. उजवीकडे चढतं, म्हणून तिकडेही वरच. f(0) ही सर्वांत लहान किंमत. सिद्धता दोन तुकड्यांत लिहावी लागते, ती यासाठी.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘सर, मग 1 + x + x²/2 घेतलं तर?’

g(x) = e^x − 1 − x − x²/2 चं डेरिव्हेटिव्ह म्हणजे आत्ताचंच f. ते कुठेच ऋण नाही, शून्यही फक्त x = 0 ला. म्हणजे g खरोखरच सगळीकडे वाढतं, आणि g(0) = 0. त्या मुलीचा युक्तिवाद इथे जसाच्या तसा लागू पडतो: डावीकडे g ऋण, असमानता उलटते. x = −1 ला उजवी बाजू 0.5, e^x मात्र 0.368.

‘आणि x³/6 मिळवलं की?’ हे तिनेच विचारलं, आणि फळ्याकडेही तीच आली. नव्या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह g: डावीकडे ऋण, उजवीकडे धन. पुन्हा आधी उतार, मग चढ, म्हणून असमानता पुन्हा सगळीकडे खरी. x = −1 ला बेरीज 0.333, e^x पेक्षा कमी. x⁴/24 मिळवल्यावर ती 0.375 झाली, e^x च्या वर, आणि डावीकडची बाजू परत उलटली. सम घाताला उलटते, विषमला टिकते, हे सांगायची गरज मला पडली नाही.