शंभर पिल्लं, एक बल्ब आणि वीजबिल

गुहागरकडे आमच्या वाडीत मी एका वेळी गावठी कोंबडीची शंभर पिल्लं वाढवतो. एक दिवसाच्या पिल्लाला अंगची ऊब टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर 35 अंशांच्या आसपास तापमान लागतं, मग दर आठवड्याला तीनेक अंश उतरवायचं. पिल्लामागे दोन वॅट हा ठोकताळा धरून मी 250 वॅटचा इन्फ्रारेड बल्ब घेतला.

तो चोवीस तास जळला तर रोजचे 6 युनिट, तीन आठवड्यांत 126. घरचाच मीटर असल्याने शंभर युनिटची पायरी ओलांडली, की वरचे सगळे चढ्या दराने लागतात. म्हणून एप्रिलच्या बॅचला वेळ कापला. पहिला आठवडा रात्रंदिवस: 42 युनिट. दुसऱ्या आठवड्यात दुपारी शेडमध्ये 32 अंश सहज भरत होते, मग संध्याकाळी सहा ते सकाळी आठ: साडेचोवीस. तिसऱ्यात फक्त रात्रीचे आठ तास: 14. एकूण ऐंशीच्या आसपास. जुलैच्या गारठ्यात एवढी काटकसर चालणार नाही.

थर्मामीटर असतोच, पण माझा जास्त भरवसा पिल्लांवर. बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय. भोवतीच्या गोल कुंपणाला, म्हणजे चिक गार्डला, चिकटून चोची उघडून बसली तर उकडतंय, बल्ब वर घ्यायचा. सगळी एकाच बाजूला गोळा झाली तर दुसरीकडून वारा शिरतोय.

आगीचं मात्र वेगळं. खाली भाताचं तूस, त्यावर कागद. बल्ब पडला तर पेटायला वेळ लागत नाही. वायरमन म्हणाला, "भाऊ, वायर करंटासाठी. वजन साखळीवर टाका." साखळी वाशाला अडकवली, ती सुटलीच तर म्हणून लोखंडी तारेचा दुसरा आधार वेगळ्या खिळ्याला. बल्बभोवती जाळी, तुसापासून दीड फूट उंची. होल्डर चिनी मातीचा, कारण प्लास्टिकचा एवढ्या उष्णतेने मऊ पडतो. पाण्याचं भांडं बल्बच्या खाली नाही. तापलेल्या काचेवर थेंब उडाला तर ती तडकते.

आमच्या खाऱ्या हवेचा त्रास निराळाच. होल्डरमधल्या पितळेवर हिरवट थर चढतो, संपर्क सैल होतो आणि तिथेच ठिणगी पडते. बल्ब फडफडला, होल्डरला तपकिरी डाग दिसला किंवा जळका वास आला, की मेन बंद करून होल्डर बदलतो. घासूनपुसून पुन्हा वापरत नाही, पैसे वाचवायची ती जागा नव्हे. जाळीवरची कोळिष्टकं आणि तुसाची धूळ बल्ब थंड असताना झाडतो.

वीज गेल्यावर बरेचजण शेडमध्ये निखाऱ्याची शेगडी ठेवतात. मी ठेवत नाही, तुसाला ठिणगी लागते आणि बंद शेडमध्ये विषारी धूर साचतो. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवतो, गार्डवर गोणपाट टाकतो, पण हवेला वर फट ठेवून. पाणी निवलं की बाटल्या बदलायच्या, मग रात्री दोनदा-तीनदा उठावं लागलं तरी.