शिट्टी नेमकी कुणाची?

शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून माझा पहिला तास सहावीवर होता. 42 मुलं, 6 फुटबॉल आणि 40 मिनिटं. मैदानावर आणखी दोन वर्ग आधीच उतरलेले होते, त्यातला आठवीचा वर्ग आमच्या शेजारीच रिलेचा सराव करत होता.

मी आधी चेंडू वाटले आणि मग समजावून सांगायला लागले. इथेच चुकलं. पायाशी चेंडू आल्यावर कुठलं मूल ऐकत उभं राहील? दोन मिनिटांत मुलं मैदानभर पांगली. मी जोरात शिट्टी वाजवली, तर थांबली आठवीची मुलं! थोड्या वेळाने त्यांच्या सरांनी शिट्टी दिली आणि माझी निम्मी मुलं धावत सुटली.

तेवढ्यात आमचा एक चेंडू घरंगळत रिलेच्या वाटेत गेला आणि धावत येणारी मुलगी त्यावरून पडली. मी धावले. गुडघा वाकवायला लावला, पायावर भार देऊन उभं राहता येतंय ना ते पाहिलं. नुसतं खरचटलं होतं, पाण्याने धुऊन दिलं. पण ती दोन-तीन मिनिटं माझ्या वर्गाकडे माझी पाठ होती, याचीच मला नंतर जास्त धास्ती वाटली.

आठवीचे सर जवळ आले. "मॅडम, आधी हद्द आखून घ्या. आणि एवढ्या गर्दीत शिट्टीचा उपयोग नाही, हात वर करा," एवढंच बोलून ते परत गेले.

तासाची पंधरा मिनिटं उरली होती. सगळे चेंडू पिशवीत भरले. रिलेच्या वाटेपासून लांब, 25 पावलांचा चौकोन मोजला आणि चार कोपऱ्यांवर कोन ठेवले. मुलांना आत बसवलं आणि नियम सांगितला: माझा हात वर दिसला की चेंडू पायाखाली दाबायचा आणि आपलाही हात वर करायचा. म्हणजे ज्याचं माझ्याकडे लक्ष नसेल, त्यालाही शेजाऱ्याचा हात दिसतो. मग सात-सात जणांचे सहा गट केले, प्रत्येक गटाचं एक कडं. ज्याच्याकडे पास द्यायचा, त्याच्या जागेवर आपण धावत जायचं. एवढाच खेळ, पण रांगेत ताटकळणं नाही.

मी चौकोनाबाहेर, एका कोपऱ्यात, उन्हाकडे तोंड करून उभी राहिले. मुलांच्या डोळ्यांवर ऊन येत नव्हतं आणि माझ्या पाठीमागे कुणी नव्हतं. पहिल्यांदा हात वर केला तेव्हा सगळे थांबेपर्यंत मनातल्या मनात वीस आकडे मोजून झाले. तिसऱ्या वेळी सातातच सगळे थांबले.

तास संपल्यावर पिशवीतले चेंडू मोजले, तर पाचच. वळून पाहिलं. एक मुलगा चौकोनात एकटाच उभा होता, सहावा चेंडू पायाखाली दाबून, हात अजून वरच.