आधी कोण बोललं?

मामाला आता वाचायला दिसत नाही, पण लहानपणीची कॉमिक्स ऐकायची फार हौस. मामी पानांचे फोटो पाठवते, मी टाईप करते, मग त्याचा फोन ते वाचून दाखवतो. आधी फोटोतलं टेक्स्ट थेट फोनलाच उचलायला सांगितलं होतं, तर त्याने शेजारशेजारच्या दोन फुग्यांतल्या ओळी सलग जोडल्या, म्हणजे चोराचं अर्धं वाक्य आणि इन्स्पेक्टरचं अर्धं. मामा म्हणाला, "अगं, हे दोघं एकाच तोंडाने बोलतायत का?"

परवाच्या पानावर डावीकडे एक उंच चौकट होती आणि उजवीकडे एकाखाली एक दोन छोट्या. अशा वेळी आधी उंच चौकट संपवायची आणि मग उजवीकडच्या दोन्ही वरून खाली घ्यायच्या, नाहीतर चोर पकडला गेल्यावर परत खिडकीतून आत येतो. चौकटीच्या आत मात्र डावं-उजवं नंतर, आधी उंची बघायची. उजवीकडे वर चोर म्हणतो "कोण आहे?" आणि डावीकडे जरा खाली इन्स्पेक्टर म्हणतो "मी." मी घाईत डावीकडून सुरू केलं तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर झाला. (जपानी मांगा असतं तर अख्खं पानच उजवीकडून वाचायचं, ते वेगळं.) वरच्या कोपऱ्यात चौकोनात "त्याच रात्री..." होतं, ते कुणाच्या तोंडचं नाही म्हणून "निवेदन" लिहून आधी घेतलं. एका फुग्याला शेपटीऐवजी छोटे छोटे गोल होते, म्हणजे तो मनातल्या मनात बोलतोय, तिथे "मनात" लिहिलं, नाहीतर मामाला वाटलं असतं की चोराने बेत मोठ्याने सांगून टाकला.

खरी अडचण आवाजांची. गोळीचा आवाज चित्रातच रंगवलेला, तोही इंग्रजी अक्षरांत, कारण भाषांतर करताना फुगे पुसून नवीन मजकूर घालता येतो पण चित्रातली अक्षरं बदलायची तर चित्रच परत काढावं लागतं. ती अक्षरं दोन फुग्यांच्या मध्ये पसरलेली. गोळी आधी की बोलणं? पहिल्या फुग्याच्या शेवटी "माल ठेवलाय त्या—" अशी तुटकी रेघ होती, म्हणजे गोळीनेच वाक्य तोडलं. मग तिथेच "बँग" लिहिलं. मामा म्हणाला धाड लिही, मी म्हटलं जे छापलंय तेच लिहिणार.

बाकी काय गाळायचं हेही असतंच. तळाची कॉपीराईटची बारीक ओळ गाळली, पातळ कागदातून मागच्या पानाची उलटी अक्षरं दिसत होती तीही. बाटलीवरचं "विष" मात्र ठेवलं, कारण पुढच्या चौकटीत तीच बाटली कुणीतरी उचलतं. शेवटची चौकट शिवणीत गेली होती, फुग्यातलं फक्त "...नाही, तो तर" एवढंच दिसत होतं. तेवढंच लिहून पुढे "फोटोत कापलंय" असं टाकलं, कारण अंदाजाने वाक्य पूर्ण करायला हात शिवशिवत होते पण मामाला ते पान पाठ असायची भीती. मामीला सांगितलंय, पुस्तक जरा दाबून परत फोटो काढ म्हणून.