‘जा.’ ते ‘जाऊन ये गं’ : माझा अनुभव

गेल्या श्रावणात बायकोचा मेसेज आला, "आईचा गुडघा फार दुखतोय रे. शनिवारी ठाण्याला जाऊन येऊ का?" मी चाकणच्या कारखान्यात कामाला आहे. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि चहाची सुट्टी दहा मिनिटांची. त्या दहा मिनिटांत मी उत्तर लिहिलं, "जा." मनापासून लिहिलं होतं. सासूबाईंची मलाही काळजी होती.

पुढचे दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. दूध आलं, किल्ली घेतलीस का, एवढंच. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "तू ‘जा’ म्हणालास, तेव्हाच ठरवलं की जायचं नाही. जायचं तर जा, मला कशाला विचारतेस, असं वाटलं मला." मला तेव्हा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्याची थोडी धग अजून आहे. मी होच म्हणालो होतो ना! पण तिने फोन माझ्यापुढे धरला. नुसतं ‘जा’ आणि पुढे टिंब. आमच्या घरात कुणी बाहेर पडताना ‘जातो’ म्हटलं तर आजी दारातून परत बोलवायची. निघणाऱ्याने ‘येतो’ म्हणायचं आणि घरच्यांनी ‘जाऊन ये’. तोंडाने बोलताना मीही तेच म्हणतो. टाइप करताना मात्र ‘ऊन ये’ गळून पडलं होतं.

तेव्हापासून उत्तरं मऊ करायला लागलो. सुरुवातीला हसरे चेहरे चिकटवून पाहिले, आठवडाभरात सोडून दिलं. "ठीक आहे"पुढे हसरा चेहरा तिला जास्तच टोचायचा. मग शब्दच जोडायचे ठरवलं आणि पहिला हाती आला तो ‘ना’. इथे मी जवळजवळ दोन महिने अडकलो.

‘ना’ लडिवाळ आहे असा माझा समज होता. "ये ना", "बस ना", "सांग ना", सगळे गोडच तर वाटतात. म्हणून प्रत्येक उत्तराच्या शेपटीला ‘ना’ लावत सुटलो. तिने विचारलं, "गॅसचा नंबर लावलास का?" मी लिहिलं, "लावला ना." संध्याकाळी घरी आलो तर चेहरा उतरलेला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "एकदा विचारलं तर एवढं खेकसायचं काय कारण?" मी चक्रावलो. मऊ करायला टाकलेला शब्द, आणि तोच तिला ‘लावला ना! किती वेळा विचारशील!’ असा ऐकू गेला होता. पाठोपाठ "सांगितलं ना", "आलो ना", "कळलं ना" या प्रत्येकावर तसंच झालं. दर वेळी माझं म्हणणं, मी प्रेमाने लिहिलंय. तिचं म्हणणं, वाचताना तसं येत नाही.

शेवटी एका रविवारी दोघं बसलो आणि जुने मेसेज मोठ्याने वाचून काढले. तिला वाचायला लावले, मी ऐकले. तेव्हा उलगडलं की ‘ना’ कुठल्या शब्दामागे उभा आहे त्यावर सगळं ठरतं. आज्ञेमागे आला की ती विनंती होते: "कर ना", "जा ना". ‘नको’मागे आला की लाडीगोडी: "नको ना आज." ‘हो’मागे आला की तक्रारीत सूर मिसळणं: ती म्हणाली "काय उकडतंय", मी म्हणालो "हो ना." पण झालेल्या क्रियापदामागे, ‘लावला’, ‘दिला’, ‘सांगितलं’ यांच्यामागे आला की तो समोरच्याला गप्प करतो. काम झालंय, तरी विचारतेस, असा अर्थ त्यातून निघतो. बोलताना आपण तो ‘नाऽ’ लांबवतो, आवाज खाली आणतो, त्याने निभावून जातं. मेसेजात आवाज पोचत नाही. शाळेच्या व्याकरणात ‘बरं का’सारख्या शब्दांना पादपूरणार्थ म्हणून एका ओळीत उरकलं होतं. वाक्य भरायला येणारे शब्द, इतकंच. ते जागा बदलली की अर्थ उलटवतात हे कुणी शिकवलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

मग "लावला" मऊ करायचं कसं? मी "लावला गं" लिहून पाहिलं. तेही थकल्यासारखं वाटतं, पुढे ‘बाई’ जोडायचं राहिलंय असं. "अगं लावला" म्हणजे तर तिची चूक सुधारल्यासारखं. जमलं ते असं: "हो गं, लावला सकाळीच." ‘गं’ क्रियापदापासून उचलून ‘हो’ला चिकटवला आणि मागे एक छोटी माहिती ठेवली. ‘सकाळीच’ या एका शब्दाने मी तिचा प्रश्न नीट ऐकला हे कळतं. कधी "हो गं, लावला, परवा येईल म्हणाले." पण माहिती एकच. दोन-तीन दिल्या की स्वतःची बाजू मांडल्यासारखं होतं. "हो गं, लावला, सकाळी लगेच लावला, लाइन लागत नव्हती तरी लावला" हेही मी एकदा लिहून बसलोय.

‘की’चा घोळ वेगळा. मी कागलचा. आमच्याकडे ‘येतो की’, ‘देतो की’ म्हणजे निर्धास्त राहा, हे झालंच समज. यापेक्षा मायेचं उत्तर मला माहीत नाही. तिने विचारलं, "आज लवकर येशील?" मी मोठ्या प्रेमाने लिहिलं, "येतो की." ठाण्यात वाढलेल्या तिला ते ‘येतो म्हटलं की!’ असं वाचायला आलं. खोलात गेल्यावर तिचं म्हणणं मला पटलं. ‘की’मध्ये समोरच्याने शंका घेतली होती हे गृहीत धरलेलं असतं. तिने शंका घेतलेली नसताना मी तिची शंका फेडायला निघालो होतो. आता ती खरंच शंका घेते, "तुला जमेल ना रे?" म्हणते, तेव्हा "जमेल की" लिहितो, आणि ते तिला आवडतं. "चालेल की" पण चालतं, कारण नुसतं "चालेल" म्हणजे नाइलाजाने चालवून घेतोय, आणि ‘की’ लावला की आनंदाने.

सर्वात उपयोगी पडला तो ‘हं’. "येतो हं", "सांगतो हं", "विसरू नकोस हं." एक अक्षर टंकायचे कष्ट आणि वाक्याचा काठ लगेच मऊ. मात्र एकटं "हं" कधी पाठवू नये. त्याइतकं थंड उत्तर मराठीत नसेल. ‘बरं’चंही तसंच, एकटं "बरं" म्हणजे विषय बंद. "बरं गं", "बरं, आणतो" म्हणजे ऐकलं. आणि ‘हं’ सूचनांवर फार वापरू नये. "गोळी घे हं, छत्री घे हं, जपून जा हं" असं एका सकाळी मी लिहिलं, तर ती म्हणाली, "मी बालवाडीत आहे का?" स्वतःच्या कामाला ‘हं’ जोडायचा, तिच्या कामाला क्वचित. ही माझी वाटणी आहे, आणि ती टिकलीय.

फोनच्या कळफलकावरची ती सूचनापट्टी बंद करा, हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. ‘हो’ टाइप केलं की ती पुढे ‘ठीक आहे’ देते, बोट आपोआप पडतं आणि मेसेज जातो. माझी निम्मी कोरडी उत्तरं मी लिहिलेलीच नव्हती, पट्टीने दिलेली आणि घाईत माझ्या अंगठ्याने मान्य केलेली होती. तिच्याकडे गेली ती माझ्या नावाने. मी पट्टी बंद केली, आणि बोलून लिहायची सोय असते ती वापरायला लागलो. तोंडाने बोललं की ‘गं’ आणि ‘हं’ आपसूक येतात. कारखान्याच्या गोंगाटात ती कधी चुकीचं लिहिते, तेव्हा एकदा वाचून मगच पाठवावं.

प्रत्येक उत्तराला शेपूट लागत नाही, हेही पुढे लक्षात आलं. "दूध आणलंस?" "हो." यावर ती कधीच रुसली नाही. कोरडं लागतं ते दोनच ठिकाणी: तिने परवानगीसारखं काही विचारलेलं असतं तेव्हा, आणि तिच्या मेसेजात दुखण्याचा, थकव्याचा किंवा भीतीचा उल्लेख असतो तेव्हा. त्या ठिकाणी मी थांबतो, चहा गार झाला तरी चालेल. "बघू" हा शब्द तर मी टाकूनच दिला. "बघू" म्हणजे नाही, हे सगळ्या मराठी घरांत ठाऊक आहे. त्याऐवजी "बघतो हं, रात्री सांगतो" लिहितो. ‘बघू’ कुणाचंच नसतं, ‘बघतो’ माझ्या अंगावर येतं, आणि रात्री खरंच सांगावं लागतं. एकदा सांगायचं राहिलं, तेव्हा ‘हं’चा काही उपयोग झाला नाही.

आणि उत्तर खरोखरच ‘नाही’ असेल तर नुसत्या मऊ शब्दांनी भागत नाही. दिवाळीत तिच्या मावसबहिणीकडे दोन दिवस राहायचं विचारलं, तेव्हा मी "नको ना गं" लिहिलं. तिला वाटलं मी लाडात म्हणतोय, अजून थोडं मनवलं की मानेन. तिने तिकडे हो कळवूनही टाकलं. तिथे "नको गं, या आठवड्यात रात्रपाळी आहे, पुढच्या रविवारी जाऊ या" असं कारणासकट लिहायला हवं होतं.

मागच्या मंगळवारी परत तोच प्रश्न आला. सासूबाईंचा एक्सरे काढायचा होता. "मी उद्या निघू का?" चहाच्या सुट्टीत वाचला. पहिल्यांदा बोटाखाली ‘निघ’ आलं, ते खोडलं. लिहिलं, "निघ ना. जाऊन ये गं सावकाश. डब्याचं मी बघतो हं." उभ्या उभ्या अर्धा मिनिट लागला. तिचं उत्तर लॉकर बंद करता करता आलं, "एक्सरेची जुनी फाइल कपाटात वर आहे, काढून ठेवशील रे?" मी लिहिलं, "ठेवतो की." या वेळी तिने ‘की’ बरोबर वाचला.