बेसवाला जीवर थांबला तेव्हा

कडवं तयार होतं, अडलं होतं ते कोरसवर. तो निवांत हवा होता, म्हणून डी मिक्सोलिडियन धरलं. आपल्या हिशेबात हा खमाज थाट: डीला सा मानायचं, बाकी स्वर शुद्ध, फक्त नी कोमल. म्हणजे सी शार्पच्या जागी साधा सी. त्या कोमल नीवर उभी राहते ती सी मेजर कॉर्ड, आणि मला कोरसमध्ये हवी होती तीच.

पहिला खर्डा डी, सी, जी, जी असा होता, प्रत्येकी एक बार. कानाला बरा लागला. पण मध्येच वाजवणं थांबवलं, तर बेसवाला आपसूक जीवर जाऊन थांबला. मी आधी त्याच्यावरच वैतागलो. चूक माझी होती. या तिन्ही कॉर्ड जी मेजरमध्येही बसतात, आणि चारातले दोन बार मी जीला दिलेले, तेही शेवटचे. कानाने जीलाच सा मानलं. मी मिक्सोलिडियन समजत होतो ते साधं जी मेजर निघालं.

मग वाटणी बदलली: डी दोन बार, सी एक, जी एक. शिवाय पहिल्या दोन फेऱ्यांत बेसने खाली डीच धरून ठेवला. सी कॉर्डखाली तो किंचित घासतो, पण ते घासणं गोड आहे.

चालीलाही काम होतं. ओळ होती ‘थांब जरा, निघू मग’. ‘थांब’ एफ शार्पवर, म्हणजे शुद्ध गवर ठेवला. तो कोमल केला की थाट काफी होतो आणि गाणं उगाच उदास वाटतं. ‘मग’ पुढच्या फेरीच्या पहिल्या ठोक्याला डीवर टेकवला. डी कॉर्ड चालू असताना मात्र सी स्वरावर रेंगाळायचं टाळलं. तसं केलं की डी सेव्हन्थ तयार होते आणि ती पुन्हा जीकडे ओढते.

एक मोह बराच वेळ सुटेना: डीवर परतण्याआधी ए मेजर. तिच्यातला सी शार्प म्हणजे शुद्ध नी, अर्ध्या स्वरावरून साकडे ढकलणारा. घरी पोचतो, पण धावत. त्यापाठोपाठ सी कॉर्ड आली की कुणाचं तरी बोट चुकल्यासारखं वाटायचं. शेवटी ए फक्त कडव्याच्या शेवटी, एकदाच ठेवली.

मागच्या गळ्यासाठी फार शोधावं लागलं नाही. कॉर्डच्या पोटातच उतरती ओळ होती: डीवर सा, सीवर कोमल नी, जीवर ध, परत डीवर प. प्रत्येक कॉर्डला एकेक लांब स्वर, बस्स.

नंतरच्या तालमीत सी कॉर्डवर असताना मी न सांगता हात वर केला. बेसवाल्याने तो बार पुरा केला, जी ओलांडला आणि डीवर येऊन थांबला.